बदामी पट्टा

आमच्या खापर गावात ब्लँकेट विणून घ्यायचं तर शहाबानोकडे जावं, असं लोक बावीस वर्षं म्हणत आलेत. विणणाऱ्या बाया काय, छप्पन सापडतील. उलट-सुलट टाके कुणालाही येतात. पण रंग? पट्ट्याला पट्टा असा लागला पाहिजे की एकानं दुसऱ्याला हात धरून पुढं न्यावं. ते शहाबानोनंच करावं, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे म्हणून मीही मानलं. आणि मानलं तर काय चुकलं हो माझं? तोंडावर कुणी बोललं का कधी, की बाई, तुझं नाही हे?

माझी एक रीत होती. सगळे गोळे वेताच्या टोपलीत पट्ट्यांच्या क्रमानं लावायचे. लावून झाले की उठायचं, तोंड फिरवायचं. असरची, म्हणजे दुपार उतरतानाची, नमाज पढून यायची आणि मग ताज्या नजरेनं बघायचं. रंगाकडे टक लावून बसलं की डोळा थकतो, चूक दिसेनाशी होते. कुठल्याही रंगाऱ्याला विचारा, हेच सांगेल. मी नमाजेहून परत यायचे, टोपलीत बघायचे, आणि दर वेळी तेच रंग आधीपेक्षा चांगले दिसायचे. मी म्हणायचे, वाह रे शहाबानो! ताज्या नजरेची कमाल आहे.

माझी देवरानी, म्हणजे धाकटी जाऊ, कहकशाँ शेजारी बसून मुकाट विणत असायची. एका ब्लँकेटचे आम्ही तीन लांब भाग करतो, वीस-वीस इंचांचे, आणि नंतर शिवून जोडतो. एक भाग ती, एक मी, आणि जिचा आधी होईल तिनं तिसरा घ्यायचा. टाके, ओळी मोजून सारख्या. तिसरा नेहमी तिनंच घेतला. तिचा हात जलद होता, हे मी कबूल करते. बाकी ती बोलायची नाही फार. लोकरीचा रोवा हातावर बसला की ‘फू’ करून उडवायची, तेवढाच तिचा आवाज.

गेल्या उन्हाळ्यात ती काविळीनं गेली. त्याआधी होळीच्या सुमारास आमचं वाजलं होतं. मी आत काहीतरी आणायला गेले आणि आले तर बाईसाहेबांचा हात माझ्या टोपलीत. मी तिच्या मनगटावर चापट मारली. म्हटलं, “माझ्या रंगांना हात लावायचा नाही! तू टाके घाल.” तिनं हात काढून घेतला. “बरं, भाभी,” म्हणाली. दोन महिन्यांनी गेली. त्या चापटीचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

नवरात्र संपता संपता रूपकंवर सेठाणीचा निरोप आला. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, मदनलाल सेठांचं. लुधियानाची लोकर तेच सुरतेहून मागवतात. लोकर म्हणायची, असते ॲक्रिलिक, पण उबेला आणि धुण्याला चांगली. त्यांच्या नातीचं, रिंकूचं, लग्न मार्गशीर्षात. मुलाकडचे राजस्थानातले, नागौरचे, तिकडची थंडी हाडात शिरते. सासरच्या बायांसमोर सामान मांडायचं तेव्हा वर हातानं विणलेलं ब्लँकेट हवं.

“शहाबानो, तिकडच्या बाया रंगांत मुरलेल्या असतात,” सेठाणी म्हणाल्या. “एक पट्टा भडक दिसला तरी नाव ठेवतील. आमचं नाही गं, तुझं नाक जाईल. मी सांगून बसलेय, आमच्या खापरची शहाबानो रंग जुळवते म्हणून.”

म्हटलं, निर्धास्त ऱ्हा. पण घरी येताना नादात दोन गल्ल्या पुढं निघून गेले. कहकशाँ गेल्यावरचं हे पहिलंच ब्लँकेट. तिन्ही भाग एकटीनं विणायचे होते, तेवढंच कारण असणार, असं मी स्वतःला सांगितलं.

सेठाणींनी सात रंग पसंतीसाठी पाठवले. महरून आणि मोरपंखी घ्यायचेच, ती रिंकूची अट. बाकीचे मी निवडायचे. हळदी, पोपटी, पांढराशुभ्र, बदामी आणि राईचा, म्हणजे मोहरीसारखा मंद पिवळा. मी बदामी आणि राई पिशवीतच ठेवले. लग्नाच्या घरात बदामी काय घालायचं, मयताला आल्यासारखं? टोपलीत महरून, त्याला खेटून मोरपंखी, मग हळदी, मग पोपटी, मग पांढरा असे लावले. झकास दिसत होते. दाराच्या उजेडात टोपली ठेवली, कारण ट्यूबच्या उजेडात रंग खोटं बोलतो. मोबाइलवर फोटो काढून सेठाणींना धाडला. हे मी आधी कधी केलं नव्हतं. पण नवी फॅशन आहे, आणि रिंकूला बघायचं होतं.

सेठाणींचं उत्तर लगेच आलं. “जरा बोलतंय गं जास्त.”

म्हणजे भडक दिसतंय. मला राग आला. मी फोन पालथा टाकला आणि असरच्या नमाजेला उठले. घरात कुणी नव्हतं. माझे शब्बीरमियाँ गादीकारखान्यावर होते, कापूस पिंजत. देवर अकील ट्रक घेऊन बडोद्याला गेलेला. कहकशाँची मुलगी आफशीन अक्कलकुव्याला कॉलेजात, ती पाचच्या बसनं येते.

परत आले, टोपलीत बघितलं आणि म्हटलं, बघा! उगाच घाबरले. ताज्या नजरेला किती गोड दिसतंय. महरून शांत, मोरपंखी भरदार, कुठं धक्का म्हणून नाही. दुसरा फोटो काढला, धाडला. सेठाणींनी लिहिलं, “आता बरोबर. बदललेस ना?”

बदलले? मी काहीच बदललं नव्हतं. मी मोबाइलात दोन्ही फोटो आळीपाळीनं बघितले. एक. दोन. परत एक.

पहिल्या फोटोत महरूनला मोरपंखी खेटलेला. दुसऱ्यात दोघांच्या मध्ये बदामी. पहिल्यात हळदी, दुसऱ्यात तिच्या जागी राई, तोही एकच छोटा गोळा. पोपटी नव्हता. पांढरा नव्हता. मी पिशवी उघडली. हळदी, पोपटी, पांढरा तिघंही तिच्यात होते, आणि तिघांची सुटी टोकं गोळ्याच्या पोटात खोचलेली.

मी टोक बाहेरून गुंडाळते. पोटात टोक खोचायची सवय एकाच बाईची होती.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. बाहेर उतरतं ऊन होतं, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा चालू होता. भुताखेताची भीती वाटली का? वाटली. पण त्याहून एक वेगळीच गोष्ट माझ्या मनात आली, आणि ती मला जास्त बोचली. माझी ताजी नजर. बावीस वर्षं मी नमाजेहून परत यायचे आणि रंग चांगले दिसायचे. बावीस वर्षं मी उठून गेल्यावर टोपलीपाशी कोण बसलेलं असायचं?

आफशीन आली तशी मी तिच्यावर धावले. “तू दुपारी घरी आली होतीस! माझ्या टोपलीला हात लावलास!”

“बडी अम्मी, मी आत्ता बसमधून उतरले,” ती म्हणाली. तिनं तिकीट दाखवलं. मग दोन्ही फोटो मागितले, त्यांतले रंग काढून टाकले आणि काळे-पांढरे करून माझ्यासमोर धरले. “हे बघ. पहिल्यात महरून आणि मोरपंखी दोन्ही एकसारखेच काळे झालेत. लांबून सगळा एकच डाग दिसेल. दुसऱ्यात मध्ये बदामी आहे, म्हणून दोन्ही वेगळे दिसतात. गडद, फिकट, गडद. आणि राई इथं थोडीच लागते, भाजीत मीठ लागतं तेवढीच. बदामी पुन्हा पुन्हा येतो म्हणून सगळं बांधलं जातं.”

“तुला कुणी शिकवलं हे?”

तिनं मोबाइल माझ्या हातात परत दिला. “अम्मीनं,” म्हणाली.

मी तिला चहा टाकायला पिटाळलं. पुढं काही विचारायची माझी छाती झाली नाही.

शब्बीरना रात्री सांगितलं तर ते म्हणाले, “आयतुल कुर्सी पढ आणि झोप. नजर कमी झालीय तुझी, अक्कलकुव्याला डोळे दाखव.” आयतुल कुर्सी बला टळावी म्हणून पढतात. त्यांच्या डोक्यात सगळा कापूस. माझी नजर कमी झालेली नव्हती. माझी नजर कधी होती का, हा प्रश्न होता.

बरं, आता काय करायचं होतं? तारीख चालून येत होती. मी दुसऱ्या फोटोप्रमाणेच विणायला घेतलं. बदामी जास्त लागणार होता, तेव्हा सेठाणींकडून आणखी आठ गोळे आणवले, लेबलवरचा लॉट नंबर तोच बघून. नंबर चुकला की त्याच बदामीत एक गुलाबीकडे झुकतो, एक हिरव्याकडे, आणि विणल्यावर पट्ट्यात रेघ उमटते. महरून दहा ओळी, बदामी दहा, मोरपंखी दहा, बदामी चार, राई चार, बदामी चार, आणि पुन्हा महरून. रंग नेहमी सुलट बाजूच्या ओळीला बदलायचा, म्हणजे रेघ स्वच्छ येते. दर पट्ट्याची शेपूट, म्हणजे सुटलेला धागा, कडेलाच विणून घ्यायची. पहिला भाग तीन आठवड्यांत उतरला. सुंदर झाला होता. लोक आले, बघून गेले. “शहाबानोची नजर!” म्हणाले. मी हसले. घास मात्र गोड लागेना.

दुसरा भाग अर्ध्यात आला तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, मी काय मेलेल्या बाईची हमाल आहे? माझं नाव आहे, माझं ब्लँकेट आहे. मी राई ठेवून दिली आणि तिच्या जागी हळदी घातली, चार नाही, चांगल्या दहा ओळी. लग्नाचं ब्लँकेट, हळद नको? चार ओळींच्या जागी दहा घातल्या की हा भाग पहिल्याशी शिवायला जुळणार नाही, हेही मला कळत होतं. जाऊ दे म्हटलं, पहिला उसवीन. इतकी मी पेटले होते. पट्टा पुरा केला, सुई टाक्यांनिशी टोपलीत ठेवली, दाराला आतून कडी घातली, खिडकी ओढली आणि नमाजेला आतल्या खोलीत गेले.

सजद्यात, कपाळ टेकून होते तेव्हा आवाज आला. मोठा नाही. वेताची टोपली करकरते तसा. मग बारीक टक टक टक. उसवताना धागा टाक्यातून सुटतो तेव्हा असा आवाज येतो. ज्यानं आयुष्यभर विणलं, त्याला तो झोपेतही कळतो. आणि मग, अल्ला कसम, ‘फू’.

माझं कपाळ नमाजेच्या चटईला, जानमाजेला चिकटलं होतं. उठता येईना. नमाज तोडायची नसते म्हणून उठले नाही, असं मी नंतर शब्बीरना सांगितलं. खरं सांगते, भीतीनं उठले नाही. नुसतं कपाळ टेकून पडून होते, आणि नमाज संपवायचा सलाम किती वेळानं फेरला ते मला माहीत नाही.

बाहेर आले तेव्हा दाराची कडी तशीच होती. हळदीच्या दहा ओळी उसवलेल्या होत्या. ऐंशी टाके सुईवर परत घेतलेले, एक सांडलेला नाही, एक पिळलेला नाही. ज्यानं उसवलंय त्यालाच कळेल, की उघडे टाके परत सुईवर घेणं किती जिकिरीचं काम आहे. माझेही दोन-चार हमखास उलटे लागतात. इथं ऐंशीच्या ऐंशी सरळ. हळदी गोळा होऊन पिशवीत, टोक पोटात. आणि सुईशेजारी राईचा छोटा गोळा ठेवलेला, पहिला वेढा सुईकडे तोंड करून.

मी ओरडले. काय ओरडले ते ऐकाल तर हसाल. “गप पडून ऱ्हायला काय होतं तुला! गेलीस ना? मग जा की!”

त्या रात्री मला ताप भरला. तीन दिवस मी टोपलीकडे बघितलं नाही. आफशीननं पट्टी ठेवली, पेज पाजली. तिनं न विचारताच एकदा सांगितलं, “अम्मी दवाखान्यात होती ना, तेव्हा पण विचारत होती. भाभीनं नवीन काम घेतलं का म्हणून. कोणते रंग आहेत म्हणून.” आणि ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. मी भिंतीकडे तोंड केलं. कारण दवाखान्यात मी एकदाच गेले होते, आणि रंगांबद्दल आम्ही बोललो नव्हतो. मी तिला तब्येत विचारली होती आणि तिनं बरी आहे म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. घर रिकामं होतं. दुपार होती. मी ठरवलं, आज याचा निकाल लावायचा. टोपली दाराच्या उजेडात घेतली. गोळे सगळे चुकीचे लावले, मुद्दाम. महरूनवर मोरपंखी, मोरपंखीवर पोपटी, त्यात हळदी. कुत्र्यालासुद्धा कळेल इतकं वाईट. आणि या वेळी उठले नाही. टोपलीसमोर मांडी घालून बसले, डोळे घट्ट मिटले आणि उजवा हात पालथा गोळ्यांवर ठेवला. म्हटलं, आता लाव हात.

बराच वेळ काही झालं नाही. गिरणी चालू होती. कुणाची तरी शेळी ओरडत होती. मला वाटलं, झाली शहाणी शहाबानो, येड्यासारखी बसलीय.

मग माझ्या तळव्याखालचा गोळा सरकला.

हळू. कुणी झोपलेल्या माणसाखालची चादर ओढावी, त्याला जाग येऊ नये म्हणून, तितका हळू. एक गोळा गेला, दुसरा आला. दुसऱ्याची लोकर गार होती. मी हात उचलला नाही. मग मनगटावर श्वास आला, रोवा उडवायला घालतात तसा, लहानसा. आणि मग कुणीतरी माझं मनगट दोन बोटांनी धरलं आणि बाजूला केलं. चापट नाही. ढकलणं नाही. भांड्यावरचं झाकण उचलून ठेवावं तसं उचललं, आणि माझ्याच मांडीवर ठेवलं. मी डोळे मिटूनच होते. गोळे सरकत होते. तिचं काम चाललं होतं.

“कहकशाँ,” मी म्हटलं. “लाव बाई, हात लाव. मी मारणार नाही.”

सरकणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

डोळे उघडले तेव्हा टोपलीत महरून, बदामी, मोरपंखी, बदामी, राई. मी तशीच उठले, बुरखा चढवला आणि बाजारपेठेत गेले. ताप होता की काय, पाय जमिनीला लागत नव्हते. मला एवढंच वाटत होतं, की हे ब्लँकेट माझ्या नावानं त्या नागौरच्या बायांसमोर मांडलं जाता कामा नये. नाव जाऊ दे. नाक जाऊ दे. बावीस वर्षं मी जे खाल्लं ते आता उलटून पडल्याशिवाय मला श्वास येणार नव्हता.

सेठाणी गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होत्या. गिऱ्हाईक नव्हतं.

“सेठाणी, मला एक सांगायचंय,” मी म्हटलं. “रंग माझे नाहीत. कधीच नव्हते. मी उठून गेले की कहकशाँ बदलायची. मला ठाऊकच नव्हतं. जेव्हा ठाऊक व्हायची वेळ आली तेव्हा मी तिला चापट मारली. तुम्ही त्या बायांना सांगा, रंग कहकशाँचे आहेत. माझे नुसते टाके.”

सेठाणींनी घडी खाली ठेवली. त्या रागावल्या की अहिराणीत बोलतात आणि माया आली की पण अहिराणीतच. “अवं,” त्या म्हणाल्या, “ते तर मले पहिलेपासून ठाऊक शे.”

“आणखी कुणाला?” मी विचारलं.

“सगळास्ले ठाऊक शे,” त्या म्हणाल्या. “तूच नव्हतीस त्यात. लोकर न्यायला कोण यायचं? कहकशाँ. कुठला लॉट, किती गोळे, कुणी ठरवायचं? तिनं. पहिल्याच वर्षी मी तिला म्हटलं होतं, बाई, मी तुझं नाव सांगते लोकांना. ती माझ्या पायाशी बसली. म्हणे, ‘सेठाणी, भाभीनं नाव ल्या. तिले मूलबाळ नही. तिले बरं वाटस.’”

भाभीचं नाव घ्या, तिला मूलबाळ नाही, तिला बरं वाटतं.

मी दुकानातच रडले. हमसून हमसून, घोड्यासारखी बाई मी, गादीला धरून. बावीस वर्षं पूर्ण खापरनं मला पोरासारखं खेळवलं होतं, आणि खेळ त्या मुकाट बाईनं लावून दिला होता, आणि मी तिच्या हातावर मारलं होतं. सेठाणींनी पाणी दिलं. म्हणाल्या, रंग कुणाचे ते रिंकूच्या सासरी त्या सांगतील. त्यांनी सांगितलं. ब्लँकेट मांडलं गेलं, नागौरच्या बायांनी बदामीवरून हात फिरवला आणि विचारलं, ही कहकशाँ कोण? सेठाणी म्हणाल्या, आमच्या गावची होती.

दुकानातून आल्यावर दुसऱ्याचा राहिलेला अर्धा आणि तिसरा भाग मी विणला होता, ऐंशी टाके, राई चार ओळी, कुठं फरक केला नाही. त्या दिवसांत टोपली गप्पच होती. मला वाटलं, रंग लागलेलेच आहेत, करायचं काय तिला.

मग माघात नवीन काम आलं. तळोद्याच्या एका बाईंना जांभळा, तपकिरी आणि आकाशी हवा होता. मी जीव लावून गोळे लावले. आफशीन म्हणाली, “बडी अम्मी, मी बघू का?” म्हटलं, थांब. आधी नमाज पढून येते. पढून आले. धावतच आले.

गोळे मी ठेवले तसेच होते. टोकं बाहेरून गुंडाळलेली.

दुसऱ्या दिवशीही तसेच. आठवडाभर तसेच. शब्बीर म्हणाले, बरं झालं, गेली बला. आयतुल कुर्सीचा असर. तळोद्याच्या बाईंचे रंग शेवटी आफशीननं लावले, चांगले लावले, पोरीत आईचा हात आहे. पण मी तिला माझ्या टोपलीला हात लावू देत नाही. तिला वेगळी टोपली आणून दिलीय.

माझी टोपली मी दाराच्या उजेडात ठेवते. काम असो नसो, रोज असरच्या आधी गोळे लावते. महरूनला मोरपंखी खेटून, त्यावर पोपटी, त्यात भडक हळदी. जितके वाईट लावता येतील तितके वाईट लावते. मग उठून आत जाते, आणि नमाज लांबवते.